आता तूच सांग!

बांधाचं भांडण कधी दोघांत मिटत नाही, कारण ते कधी दोघांत राहतच नाही. भांडणारे आपले भांडत असतात. बाकीची माणसं गोळा करायचं काम त्यांच्यातला एखादा हितचिंतक करतो. पूर्वी त्यासाठी पारापर्यंत चालत जाऊन हाळी द्यावी लागायची, "अहो, जरा इकडं या, तुमचंच नाव निघालंय." त्या चालण्यात कधी कधी हितचिंतकाचा उत्साह संपायचा आणि चार माणसं वाचायची. आता नुसतं @ दाबलं की गावभरच्या नावांची यादी समोर येते. त्यातलं एक बोटानं टेकवायचं. तो माणूस पुण्यात असो, दुबईत असो, नाहीतर धाराशिवच्या स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघत असो, तो बांधावर हजर झालाच.

मी स्टँडवर होतो.

ग्रुप आमच्या दहावीच्या बॅचचा, कळंब तालुक्यातल्या शाळेचा. सकाळी फुलं, दुपारी सोयाबीनचा भाव, रात्री वाढदिवसाचा केक, एवढाच त्याचा व्याप. त्यात दोन चुलत भाऊ आहेत, एकाच वर्षी जन्मलेले, एकाच बाकावर बसलेले. थोरल्याला सगळे अण्णा म्हणतात, धाकट्याला बापू. दोघांची रानं लागून आहेत. मधल्या बांधावर एक लिंब आहे. आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब. ज्याचं सरबत करतात ते लिंबू. बापूच्या पलीकडच्या अंगाला आमचं रान. आम्ही ते बटईनं दिलेलं असल्यामुळं वर्षातून एकदा वाटा घ्यायला जायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

पेरणी झाल्यावर अण्णानं ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत निम्मा लिंब, थोडं आभाळ आणि बराचसा अण्णाचा अंगठा. खाली मजकूर : "दर साली एक तास आत. बांध कोरून कोरून लिंब माझ्या रानात आणून ठिवला." बापूचं उत्तर आलं : "लिंब काय चालत आला व्हय?" तिथून दोन दिवस ते चाललं. वाढदिवस आले आणि गेले, कुणी केक कापला नाही. मग दोघांचा आणि माझाही मित्र असलेल्या एकानं, ज्याला भांडण पेटलेलं आवडत नाही आणि विझलेलंही आवडत नाही, माझं नाव टेकवलं आणि लिहिलं :

"तू सांग की. आपण लहान असताना लिंबाखाली खेळायचो. तवा लिंब बांधावर होता का अण्णाच्या रानात? खरं काय ते सांग. आता तूच सांग!"

हा प्रश्न किती एकरांचा होता ते आधी सांगतो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. अण्णा-बापूचा बांध ३३० फूट लांब आहे. म्हणजे तो सव्वातीन फूट इकडचा तिकडं झाला की जवळपास गुंठा गेला. नांगराच्या बैलांना सव्वातीन फूट खायला दहा वर्षं लागायची. ट्रॅक्टरवाला मोबाइलवर बोलत वळला की एका पेरणीत काम होतं. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर गुंठ्याला वीस किलो. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, त्या हिशेबानं ९७८ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. म्हणजे हजाराला बावीस रुपये कमी असलेल्या गोष्टीवर दोन भाऊ दोन दिवस बोलत होते. हे मला एसटीतच काढता आलं, पण ग्रुपवर टाकता आलं नाही. "हजार रुपयांसाठी काय भांडताय" हे वाक्य ज्याच्याकडं गुंठा गेलाय त्यालाच आवडतं, हे मला पुढं नीट कळणार होतं.

आता गप्प बसावं, तर तेही जमत नाही. ग्रुप मी केव्हाच म्यूट केलेला होता; पण म्यूट ग्रुपातही कुणी नाव घेतलं की फोन वाजतोच. वाचून न वाचल्यासारखं करावं, तर निळ्या टिकांची पंचाईत. एकेकट्याशी बोलताना त्या बंद ठेवता येतात, ग्रुपात येत नाहीत. ज्यानं मेसेज टाकलाय त्यानं तो दाबून धरला की कुणी कुणी वाचलं याची यादी त्याच्यासमोर येते. आमच्या मित्रानं ती यादी बघितली होती. "बघितलंय त्यानं, पण बोलंना," असं त्यानं ग्रुपवर जाहीरही केलं. कोर्टाचा बेलीफ निदान दारावर नोटीस चिकटवून निघून जातो. हा दारात बसून राहिला.

ग्रुपच सोडावा, असं एका भल्या वर्गमित्रानं मला खासगीत सुचवलं. त्याचा आधार असा की २०२२ पासून ग्रुप सोडला तर फक्त अ‍ॅडमिनला कळतं. खरं आहे. पण आमचा अ‍ॅडमिन अण्णाचा साडू आहे. शिवाय सोडून गेलेल्यांची नावं साठ दिवस ग्रुपच्या माहितीत कुणालाही दिसतात. बांधाच्या प्रश्नावर साठ दिवस फरारी म्हणून राहायची माझी तयारी नव्हती.

माझ्याआधी आमच्या गुरुजींना ओढून झालं होतं. गुरुजी निवृत्त, सज्जन, ग्रुपात मानाचे. त्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले. अण्णानं त्याचा अर्थ लावला, "गुरुजी बापूला हात जोडून सांगायलेत, सोड बाबा." बापूनं अर्थ लावला, "गुरुजींनी अण्णापुढं हात टेकले." दोघांनीही त्या हातांना अंगठा दाखवून आपली पोच दिली. गुरुजींनी घाबरून मेसेज पुसला. तिथं "हा मेसेज काढून टाकला आहे" अशी पाटी उरली, आणि गुरुजी नेमकं काय खरं बोलून गेले आणि कुणाच्या दबावाखाली त्यांनी ते पुसलं, यावर आणखी अर्धा दिवस गेला.

आमच्या जिल्ह्यात या प्रकाराला फार जुनी परंपरा आहे. तेर आमच्याकडून लांब नाही. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती, तेव्हाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं बघितलं, हे काय म्हणून विचारलं. मडकी कच्ची की पक्की ते बघायचं, असं काकांनी सांगितलं. मग आमचीही मडकी बघा की, असं मुक्ताबाई म्हणाल्या. याला ओढणं म्हणतात. घरी पाहुणे, सगळे एकाहून एक, आणि यजमानाला विचारलेलं की यातला कच्चा कोण. दुसरा कुणी असता तर "अहो, आधी जेवून घ्या" म्हणाला असता. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेवांनी कुरकुर केली, आणि कच्चं मडकं ठरून ते रागानं थेट पंढरपूरला गेले. काकांना ते शोभलं, कारण सगळ्यांत वडील तेच होते आणि मडक्यातलं त्यांना कळत होतं. माझ्या हातात थापटणं नाही आणि बांधातलं मला कळत नाही.

मला या कथेतले खरे गुरू पुढं भेटतात. नामदेव विसोबा खेचरांकडं गेले, तर विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा, म्हणून नामदेव रागावले. त्यावर विसोबांनी वाद घातला नाही आणि माफीही मागितली नाही. जिथं देव नाही तिथं तूच माझे पाय उचलून ठेव, एवढंच म्हणाले. त्यांनी पाय दिले, पण ठेवायची जागा विचारणाऱ्यावर सोडली. एसटी ढोकीला थांबेपर्यंत मी याच गोष्टीचा विचार करत होतो. आपल्याला जे माहीत आहे ते देऊन टाकायचं आणि निकाल ज्याचा त्याच्याकडं परत करायचा, एवढं जमलं तर सुटलो.

मग मी मजकूर लिहायला घेतला, आणि तटस्थ वाक्य म्हणून मराठीत काही शिल्लक राहिलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

पहिलं वाक्य सहज सुचलं : "मोजणी करून घ्या, म्हणजे दूध का दूध होईल." यात कुणाला काय लागणार? पण मागचे दोन दिवसांचे मेसेज मी वर जाऊन वाचले. अण्णा पहिल्या फोटोपासून "मोजणी आण" म्हणत होता आणि बापू "कशाला पैसे घालवायचे" म्हणत होता. म्हणजे मोजणी हा शब्द अण्णाच्या मालकीचा झालेला. तो मी उच्चारला की मी अण्णाचा. काढला.

मग लिहिलं, "तुम्ही भाऊ-भाऊ आहात, चार बोटांनी काय होतंय." हे तर बापूचंच वाक्य निघालं, जसंच्या तसं, आदल्या रात्री सव्वानऊचं. ज्याच्याकडं जमीन सरकलेली असते त्यालाच भाऊपण जास्त आठवतं. ज्याची गेलेली असते त्याला सात-बारा आठवतो. काढलं. "वाडवडिलांपासून जे चालत आलंय ते चालू द्या" हे लिहिलंच नाही, कारण चालत काय आलंय हाच मूळ मुद्दा होता. "शांत राहा" म्हणावं, तर त्या घटकेला बापू शांतच होता आणि अण्णा मोठ्या अक्षरांत लिहीत होता, म्हणजे ते अण्णाला लागलं असतं. "दोघांचंही बरोबर आहे" हे सगळ्यांत धोक्याचं. त्यात दोघंही चूक आहेत असं दोघांनाही ऐकू येतं, आणि ती एकच गोष्ट त्यांना एकत्र आणते, तुमच्याविरुद्ध.

म्हणून भांडणातून बाहेर पडायचं तर आधी ते सगळं वाचून काढावं लागतं. कुठला शब्द कुणी आधीच उचलून नेलाय हे कळल्याशिवाय आपला शब्द टाकता येत नाही. न वाचता दिलेलं शहाणपण हमखास कुणाच्या तरी पारड्यात पडतं. उशीर करूनही चालत नाही. तासाभरात उत्तर आलं तर ते उत्तर असतं. दुसऱ्या दिवशी आलं तर "रात्री फोन झालेला दिसतोय" असं होतं. कारणही देऊ नये. "कामात आहे" म्हणालं की "काम झाल्यावर सांग" येतं. "तब्येत बरी नाही" म्हणालं की दोघंही फळं घेऊन घरी येतात आणि भांडण तुमच्या पलंगापाशी होतं.

शेवटी ढोकी मागं पडताना मी हे पाठवलं :

"लिंब माझ्या चांगला ओळखीचा आहे, त्याच्याखाली गोट्या खेळलोय. बांध तेव्हा कुठून जात होता ते मला माहीत नाही. आम्ही सावली बघून बसायचो, हद्द बघून नाही. दोघंही माझे आहेत. यात मी एवढंच सांगू शकतो, पुढं बोलणार नाही."

पाठवल्यावर पंधरा मिनिटं मेसेज दुरुस्त करता येतो, पण दुरुस्त केल्याची खूण त्याच्याखाली राहते, म्हणून मी बोटं खिशात घातली. ग्रुप जरा वेळ गप्प होता. मग बापू म्हणाला, "बघा, त्याला बी माहीत नाही." अण्णा म्हणाला, "तो म्हणतोय लिंब होता म्हणून." दोघांनी आपापला घास काढून घेतला, पण दोघांच्याही घासात मी नव्हतो, लिंब होता. एवढं पुरे होतं.

आमचा मित्र मात्र नाराज झाला. त्यानं खासगीत लिहिलं, "तू कोणाच्या बाजूनं बोलायलास तेच कळंना गड्या." एवढी मोठी पावती मला शाळेत असताना कधी मिळाली नव्हती. त्याला मी फोन केला. ग्रुपवर नाव घेणाऱ्याला ग्रुपवर उत्तर देऊन भागत नाही. त्याला वाटतं आपलं आमंत्रण झिडकारलं. "तू विश्वासानं विचारलंस, बरं वाटलं, पण यात मला धरू नकोस, मला तुमच्या तिघांच्याही घरी जेवायचं असतं," असं सांगितलं. मग अण्णाला फोन केला, मग बापूला. दोघांना एकच वाक्य बोललो, शब्दही न बदलता, कारण दोघं माझ्याशी बोलल्यावर एकमेकांशी बोलत नसले तरी त्यांच्या बायका बोलतात. बापूची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमचा मेसेज मी थोरल्या जाऊबाईला वाचून दाखवला, लई हसलो." म्हणजे पुरुषांचं भांडण दोन दिवस चाललेलं आणि जावाजावांचं बोलणं एक तासही तुटलेलं नव्हतं.

गुरुजींचाही फोन आला. "मजकूर फार उत्तम जमलाय रे," ते म्हणाले. "मी काढून ठेवलाय. वेळेला उपयोगी पडेल."

मध्ये एकानं "सलोखा योजना" अशी बातमी टाकली. हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी, की वाद मिटला. ग्रुपात आनंदीआनंद. योजना खरी आहे, जानेवारी २०२३ ची आहे. पण ती एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावची पहिल्याच्या ताब्यात, असा उलटसुलट प्रकार निदान बारा वर्षं चाललेला असेल तर अदलाबदलीसाठी आहे. इथं अदलाही नव्हता आणि बदलाही. गेलंय एकाचं, एवढीच तक्रार होती. दुसऱ्या कुणीतरी तुळजापूरला जाऊन भंडारा उचला म्हणून सुचवलं. तिसऱ्यानं लगेच पिवळ्या रंगाचा गोळा पाठवला, तो उचलल्यासारखा धरावा म्हणून.

अखेर अण्णानं मोजणीचा अर्ज दिलाच. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात फी भरली, तारीख पडली, आणि मग माझ्या पत्त्यावर नोटीस आली. मोजणी करायची तर लगतच्या खातेदारांना कळवावं लागतं, आणि बापूच्या पलीकडं लगतधारक म्हणून मी होतो. मित्राला टाळता आलं, शासनाला म्यूट करता येत नाही.

ठरल्या दिवशी मी बांधावर गेलो. भूकरमापक आले, सोबत काठीवर बसवलेलं रोव्हर नावाचं यंत्र. ते उपग्रहाकडून जागा विचारून घेतं आणि कुणाच्या सासरचं नसतं. अण्णा त्याच्या एका अंगाला चालत होता, बापू दुसऱ्या अंगाला, दोघंही त्या काठीकडं असे बघत होते की ती कधी आपल्याकडं झुकतेय. मित्र लिंबाखाली बसून ग्रुपला खबर पुरवत होता. भूकरमापकांनी लिंबापाशी चुना टाकला. अण्णाचं म्हणणं खरं निघालं : लिंबापासून तीन फूट बापू आत गेला होता. अण्णानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. बापू काही बोलला नाही, उलट जरा गोंधळला, कारण त्याचं रान त्यानं स्वतः कधी वाढलेलं बघितलं नव्हतं. भूकरमापक मात्र थांबले नाहीत. बापूच्या पलीकडच्या हद्दीवर गेले आणि तिथंही चुना टाकत निघाले. तो चुना आमच्या सोयाबीनमध्ये पडत होता. तीन फूट आत.

बापूचं क्षेत्र जेवढ्याला तेवढंच होतं. एसटीच्या तीन माणसांच्या बाकावर कडेचा ऐसपैस पसरला की मधला निमूट सरकतो आणि खिडकीजवळचा चिरडतो, तसं ते सगळंच्या सगळं अण्णाच्या अंगाला सरकलं होतं, आणि कडेला पसरून बसलो होतो आम्ही. आमच्या बटईदारानं मला धीर दिला, "तुम्ही कशाला भ्यायलाव, निमताना मोजणी मागू." निमताना म्हणजे अपिलाची मोजणी, वरच्या साहेबाची. त्याच्यावर सुपर निमतानाही असते, हेही त्यानं सांगितलं. एवढा अभ्यास त्यानं कधी आणि कशासाठी करून ठेवला होता, ते मी विचारलं नाही.

भूकरमापकांनी हजर असलेल्यांच्या सह्या घेतल्या. अण्णानं केली, बापूनं केली. मग दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवर बसून चहाला गेले आणि जाताना माझ्याकडं अशा नजरेनं बघून गेले, की त्यांच्यात पुन्हा भाऊपण आलंय हे कुणालाही कळलं असतं. मला चहाला कुणी बोलावलं नाही.

मी एसटीत बसायच्या आत फोन वाजला. मित्रानं चुन्याचा फोटो टाकला होता, त्यात बराचसा माझा बूट. खाली अण्णा आणि बापूनं मिळून तिसऱ्या माणसाबद्दल बरंच लिहिलं होतं. त्याखाली मित्रानं गुरुजींचं नाव टेकवलं होतं : "गुरुजी, तुम्ही जाणते. ह्यांचं रान आधीपासून एवढंच होतं का? आता तुम्हीच सांगा!"

गुरुजींचं उत्तर मिनिटभरात आलं.

"लिंब माझ्या चांगला ओळखीचा आहे, त्याच्याखाली गोट्या खेळलोय. बांध तेव्हा कुठून जात होता ते मला माहीत नाही. आम्ही सावली बघून बसायचो, हद्द बघून नाही. सर्वजण माझे आहेत. यात मी एवढंच सांगू शकतो, पुढं बोलणार नाही."

आम्ही गोट्या खेळत होतो तेव्हा गुरुजी चाळिशीचे होते आणि गोट्या खेळणाऱ्यांना वेताच्या छडीनं मारायचे. पण ग्रुपात त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.